फोटो किती मेगापिक्सेलचा? लांबी-रुंदीवरून असं काढा गणित

समजा, सोनईतल्या कुणीतरी शनिशिंगणापूरच्या यात्रेत मोबाईलवर फोटो काढला. मोबाईलवर तो एकदम स्पष्ट दिसतो. त्याचाच ४ बाय ३ फुटांचा फ्लेक्स छापायचा म्हणून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर फ्लेक्सवर चेहरे अंधुक येतात. असं का होतं, हे एका गुणाकारात कळतं.

पिक्सेल कसे मोजायचे?

डिजिटल फोटो हा रंगीत चौकोनांचा तक्ता असतो. यातला एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. गॅलरीत फोटो उघडून 'तपशील' किंवा Details बघितलं की 4000 × 3000 असे आकडे दिसतात. याचा अर्थ, एका आडव्या ओळीत ४००० पिक्सेल आहेत आणि अशा ३००० ओळी आहेत.

४००० × ३००० = १,२०,००,००० पिक्सेल

मेगा म्हणजे दहा लाख. १ कोटी २० लाखांना दहा लाखांनी भागलं की उत्तर येतं १२. म्हणजे हा फोटो १२ मेगापिक्सेलचा.

तिथेच दिसणारा एमबीचा आकडा वेगळा असतो. फाईल किती जागा घेते, हे तो सांगतो. त्यावरून पिक्सेल मोजता येत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय होतं?

साध्या क्वालिटीत फोटो पाठवला, तर व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं. आपला फोटो पलीकडे सहसा १६०० × १२०० होऊन पोहोचतो.

१६०० × १२०० = १९,२०,००० पिक्सेल, म्हणजे जेमतेम १.९ मेगापिक्सेल.

रुंदी ४००० वरून १६०० झाली, म्हणजे अडीच पट घटली. उंचीही अडीच पट घटली. त्यामुळे एकूण पिक्सेल सव्वासहा पट कमी झाले.

आता फ्लेक्सकडे बघू. ४ फूट म्हणजे ४८ इंच. मूळ फोटोतून प्रत्येक इंचाला साधारण ८३ पिक्सेल मिळाले असते, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून फक्त ३३ मिळतात. लांबून बघताना हा फरक फारसा जाणवत नाही, जवळ गेलं की लगेच दिसतो. दुकानदाराने फोटो नंतर मोठा केला तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. त्यामुळे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

मग ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं काय?

असे बरेच फोन नेहमीच्या मोडमध्ये सेन्सरवरचे शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतात. त्यामुळे कमी उजेडात फोटो चांगला येतो, पण तो सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचाच असतो. पूर्ण ५० हवे असतील तर कॅमेऱ्यात वेगळा मोड निवडावा लागतो. फोटो नक्की किती पिक्सेलचा आला, हे तपासायला तपशिलातले दोन आकडे घ्या आणि गुणा.