रक्तपेशीगणक, स्वयंचलित

सीबीसी तपासणीत रक्तपेशी मोजणारे यंत्र. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सेल काउंटर’. अमेरिकी अभियंता वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचे पेटंट मिळाले, त्यावर आजची बहुतेक यंत्रे उभी आहेत.

मोजणी : जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतले रक्त क्षारद्रवात पातळ करून एका सूक्ष्म छिद्रातून ओढले जाते. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विद्युत्-अग्रे असतात. पेशी विजेची मंदवाहक असल्याने ती छिद्रातून जाताना रोध क्षणभर वाढतो. असे स्पंद जितके, तितक्या पेशी. स्पंदाची उंची हे पेशीचे आकारमान. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट (बिंबाणू) एकाच द्रवात मोजतात आणि त्यांची वाटणी केवळ आकाराने करतात : साधारण २ ते २० घन मायक्रॉनपर्यंत प्लेटलेट, ३६ च्या पुढे तांबडी पेशी. पांढऱ्या पेशी मोजण्याआधी तांबड्या फोडून टाकतात.

हिमोग्लोबिन : त्याच यंत्रात, पण प्रकाशशोषणाने.

इशारे व स्लाइड : अपक्व पांढऱ्या पेशींचा किंवा केंद्रकयुक्त तांबड्या पेशींचा इशारा आला की काचपट्टीवर स्मिअर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. २००५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने यासाठी ४१ नियम सुचवले. रुग्णाची पहिलीच तपासणी असून प्लेटलेट एक लाखाखाली असतील तर स्लाइड पाहावी, हा त्यांतला एक. मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळा आपल्यापुरत्या ठरवून घेते.

सर्वांत फसवा आकडा प्लेटलेटचा. मोठी प्लेटलेट तांबड्यांत जमा होते. उलट तांबड्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात. काहींच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात. गुठळी प्लेटलेटच्या मोजणीत येत नाही, मोठी असल्यास पांढऱ्या पेशींतही मिसळते. पडद्यावर `PLT Clumps?` उमटते. कधी तेही नाही.

उदाहरणार्थ, डेंग्यूच्या हंगामात तापाच्या रुग्णाचा आकडा ३८,००० आला, पण कुठे रक्तस्राव नाही. स्लाइडच्या शेपटाकडे, जिथे थर विरळ होतो तिथे, प्लेटलेटचे पुंजके दिसतात. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत नव्याने रक्त घेतात. तिच्यात ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असल्याने मिळालेल्या आकड्याला १.१ ने गुणावे लागते : १,६०,००० आल्यास १,७६,०००. गुणाकार राहिला, तर अहवालात आकडा कमीच जातो. स्लाइडवर पुंजके नसतील आणि प्लेटलेट खरोखरच विरळ असतील, तर ३८,००० हा आकडा खरा धरून डॉक्टरांना लगेच कळवतात.

सायट्रेटमध्येही गुठळ्या झाल्या, तर आकडा न देता ‘गुठळ्या आढळल्या, स्लाइडवर प्लेटलेट पुरेशा’ असा शेरा देतात.