मिरजेचा तंबोरा आणि f/22 चा पेच

मिरजेचा तंबोरा खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत स्पष्ट टिपावा म्हणून छायाचित्रकार लेन्सचे छिद्र f/22 पर्यंत लहान करतो, आणि नेमकी बारीक नक्षीच पुसट होते. दोष फोकसचा नव्हे, विवर्तनाचा.

जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये गणिताने दाखवले की गोल छिद्रातून आलेला प्रकाशबिंदू चकती होऊन उमटतो. छिद्र जितके लहान, तितकी चकती मोठी. हिरव्या प्रकाशात ती f/8 ला ०.०११ मिमी, तर f/22 ला ०.०३ मिमी भरते.

मग १९३२ मध्ये अ‍ॅडम्स, वेस्टन प्रभृतींनी आपल्या गटाला f/64 हे नाव कसे दिले? वेस्टन यांची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांची. तिच्यावरून त्याच आकाराची प्रत निघे. ०.०८६ मिमीची चकती डोळ्यास खुपत नसे. आजचा छोटा सेन्सर मात्र कित्येक पट मोठा करून पाहिला जातो.

कॅमेरा तिपाईवर, फोकस तारांवर स्थिर ठेवून f/4 ते f/22 टिपावे. पूर्ण उघड्या छिद्राला लेन्सचेच दोष दिसतात. सर्वांत रेखीव तारा बहुधा f/5.6 ते f/8 दरम्यान सापडतात.