आंबटात चढतो, खारात उतरतो : रेशमी साडी आणि रिठ्याचा इतिहास

बडोद्याच्या एका काकूंनी विचारलं होतं, "आजीची लाल रेशमी साडी आहे, पिवळे काठ आहेत. घरी धुऊ का?" या प्रश्नाचं उत्तर रंगाऱ्याच्या भांड्यात सापडतं, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

आपल्या करडईच्या फुलांपासून कुसुंबी रंग निघायचा. फुलांत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात निघून जातो, लाल मात्र पाण्याला दाद देत नाही. म्हणून रंगारी पिवळा धुऊन टाकायचा आणि मग फुलं साजीखाराच्या पाण्यात मळायचा. खारात लाल रंग सुटायचा. मग त्यात लिंबासारखं काही आंबट घातलं की तो पाण्यातून निघून कापडावर बसायचा. म्हणजे ज्या खाराने रंग फुलातून काढला, तोच खार पुढे साडीतूनही तो काढणार. अशा साडीला साबण लावला तर काय होईल, हे या कृतीतच लिहिलेलं आहे, कारण अंगाचा असो वा कपड्यांचा, वडीचा साबण बहुधा खारट गुणाचाच असतो.

1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला. त्यानंतर कृत्रिम रंगांची रीघ लागली आणि कुसुंब्याचे दिवस सरले. पण नियम बदलला नाही. आज रेशमावर सर्रास वापरले जाणारे ॲसिड डाय हे आंबट केलेल्या गरम पाण्यातच चढवतात आणि गरम, खारट पाण्यात ते सुटू लागतात.

रिठा इथे कामाला येतो. त्याच्या सालीतलं सॅपोनिन फेस करतं, मळ सोडवतं, आणि त्याचं पाणी खारट नसून किंचित आंबटाकडे झुकणारं असतं. शिवाय रेशीम हे लोकरीसारखं प्रथिन आहे. खाराने ते झिजतं, चमक जाते. डाग 'खाणारी' एन्झाइमची पावडर तर रक्ताचं प्रथिन आणि रेशमाचं प्रथिन यांत फरकच करत नाही. ती रेशमाला लावूच नये.

आता काकूंची साडी. आधी तपासणी. निऱ्यांच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रंगावर वेगवेगळा, ओला पांढरा सुती कपडा मिनिटभर दाबून धरायचा. मग तेच रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्याने करायचं. काकूंचा पिवळा काठ स्वच्छ राहिला, पण लाल रंगाने कपडा साध्या पाण्यातच गुलाबी झाला. तो कुसुंबा की सुरुवातीचा एखादा कृत्रिम रंग, हे घरी ओळखता येत नाही, पण निर्णयाला त्याची गरजही नाही. लाल पाणी पिवळ्या काठात शिरलं की परत निघत नाही. ही साडी घरी धुवायची नाही. ती सावलीत हवेशीर ठेवायची, घडी बदलायची आणि गरजच पडली तर अनुभवी ड्रायक्लीनरकडे द्यायची. मीठ घातल्याने सुटता रंग पक्का होतो, या भरवशावर राहू नका.

कपडा पांढरा राहिला तर मात्र धुवा. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून पाणी गाळायचं आणि ते चार-पाच लिटर थंड पाण्यात मिसळायचं. साडी दोन-तीन मिनिटंच बुचकळायची, भिजत ठेवायची नाही. चोळू नका, पिळू नका. दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं. पांढऱ्या, मोतिया रेशमावर त्याची झाक येऊ शकते, तिथे रेशमासाठीचा सौम्य द्रव साबण बरा.

भरतकामाला वेगळा न्याय. कसुती किंवा कांथ्यासारखं दोऱ्याचं काम असेल तर उलट्या बाजूने प्रत्येक रंगाचा दोरा तपासा. साडी पक्की आणि दोरा कच्चा, असं पुष्कळदा असतं. जरदोजी मात्र पाण्यात घालूच नका. तिथे धातूची बारीक स्प्रिंग दोऱ्याने टाचलेली असते. ओल्याने धातू काळवंडतो, खालचं कापड आखडलं की नक्षीभोवती चुण्या पडतात आणि चिकटवलेल्या टिकल्या सुटतात. अशा साडीचा फक्त साधा भाग ओलसर कपड्याने टिपायचा. जरीचे काठ काळे पडले तर चिंच, लिंबू घासण्याचा मोह आवरा. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. घासताना पहिल्यांदा सोनंच जातं.

तेव्हा साडी पाण्यात घालण्याआधी कपडा दाबून बघा. तो गुलाबी झाला, तर तिथेच थांबा.