डोंगराच्या रेषेवरून जागा कशी ओळखतात? कॅमेरूनच्या व्हिडिओची गोष्ट

जुलै 2018 मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाचा म्हणून एक व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागला. हत्यारबंद सैनिक दोन स्त्रियांना कच्च्या रस्त्याने चालवत नेत आहेत. सोबत एक लहान मुलगी आहे आणि एकीच्या पाठीवर बाळ बांधलेलं आहे. शेवटी चौघांनाही गोळ्या घातल्या जातात. कॅमेरून सरकारचे प्रवक्ते आणि मंत्री इसा चिरोमा बाकारी यांनी हा व्हिडिओ आपल्या देशातला नाहीच, ही खोटी बातमी आहे, असं जाहीर केलं. इतर काही लोक तो मालीमधला असल्याचं सांगत होते.

आता असा व्हिडिओ कुठला, हे ठरवायचं कसं? त्यात ना गावाची पाटी होती, ना दुकानाचं नाव. मोबाईलने फोटोसोबत नोंदवलेली माहिती व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या प्रवासात गळून जाते, त्यामुळे तिचाही उपयोग नव्हता. पण सुरुवातीच्या चाळीसेक सेकंदांत माणसांच्या मागे एक डोंगररांग दिसत होती. ‘बीबीसी आफ्रिका आय’च्या पत्रकारांनी आणि त्यांना मदत करणाऱ्या स्वतंत्र अभ्यासकांनी ती रांगच पुरावा म्हणून धरली. ते काम कसं होतं, ते आम्ही इथे जरा सविस्तर सांगणार आहोत.

डोंगर आणि आकाश जिथे भेटतात, त्या रेषेला आपण क्षितिजाची कड म्हणू. झाडं वाढतात, घरं पडतात, रस्ते रुंद होतात, पण ही कड वर्षानुवर्षं तशीच राहते. शिवाय एखाद्या ठिकाणी उभं राहून चारी बाजूंना दिसणारी कड साधारणपणे दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून हुबेहूब तशी दिसत नाही. तिची तुलना करायला जगाच्या बहुतेक भागाचा उंचीचा नकाशा तयार आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ अंतराळयानाने 11 दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्या मोजणीत जमिनीचे साधारण 30 मीटर बाय 30 मीटरचे चौकोन धरले आणि प्रत्येक चौकोनाची उंची नोंदवली. ही माहिती आज मोफत मिळते. भूगोलाच्या पुस्तकात आपण समोच्चता दर्शक रेषा शिकलो, त्याचंच हे आकड्यांतलं रूप. गूगल अर्थसारखे कार्यक्रम अशा उंच्यांवर उपग्रहाचे फोटो पांघरतात आणि आपल्याला जमिनीवर उभं राहून डोंगर बघता येतात.

काम सुरू होतं व्हिडिओपासून. चालत्या कॅमेऱ्यात डोंगर तुकड्या-तुकड्याने दिसतो. म्हणून स्वच्छ चौकटी निवडून त्या शेजारी-शेजारी जोडायच्या आणि एक लांब चित्र करायचं. कॅमेरा तिरका धरलेला असेल तर चित्र सरळ करून घ्यायचं. मग त्यावर फक्त कड गिरवायची: कुठे शिखर, कुठे खिंड, कुठे उतार अचानक तुटतो. कुठलाही रंग, सावली, झाडी नको. चित्राच्या दोन्ही कडांजवळचा भाग मात्र जपून घ्यावा, कारण मोबाईलची रुंद भिंगं तिथे रेषा ताणतात.

यानंतरचं पाऊल शाळेतल्या गुणोत्तराइतकं सोपं आहे. समजा कडेवर डावीकडून तीन ठळक खुणा आहेत. पहिल्या दोनमध्ये चित्रात 4 सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढच्या दोनमध्ये 6 सेंटिमीटर. फोटो लहान करा, मोठा करा, आकडे बदलतील, पण 4 ला 6 हे प्रमाण टिकेल. म्हणून कॅमेरा कोणता होता, झूम किती होता, हे माहीत नसलं तरी तुलना करता येते. गूगल अर्थमध्ये जमिनीच्या पातळीवर उतरून दिसणाऱ्या कडेत हेच प्रमाण येतं का, ते पाहायचं. तिथे एक काळजी घ्यावी लागते. `Elevation Exaggeration` हा आकडा 1 वरच ठेवावा. तो 2 किंवा 3 केला तर टेकड्या पर्वतासारख्या उंचावतात आणि भलताच डोंगर जुळल्यासारखा वाटतो.

कॅमेरूनच्या बाबतीत अडचण शोधण्याच्या क्षेत्राची होती. देशाच्या उत्तर टोकाला, नायजेरियाच्या सीमेलगत मंदारा डोंगर पसरले आहेत. पत्रकारांनी तासन् तास उत्तर कॅमेरूनमधल्या डोंगरांशी ती कड जुळवून पाहिली, पण काही सापडलं नाही. जुलैअखेरीस एका कॅमेरूनी माणसाने त्यांना सुचवलं: झेलेवेत गावाच्या आसपास पाहिलंत का? तिथे पाहिलं तर कड जुळली. आमच्या मते या पद्धतीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नुसत्या डोळ्यांनी अख्खा देश धुंडाळणं फार अवघड, पण कोणी एक गाव सुचवलं तर ते बरोबर की चूक हे कड पटकन सांगते. आणि सुचवणारा माणूस खरा की खोटा, यावर मग काहीच अवलंबून राहत नाही, कारण डोंगर कोणालाही तपासता येतो.

संगणकाने अख्खा देश धुंडाळण्याचे प्रयोगही झाले आहेत. 2012 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वित्झर्लंडच्या सुमारे 40 हजार चौरस किलोमीटर प्रदेशातून दिसणाऱ्या कडा आधीच काढून ठेवल्या आणि 200 हून अधिक फोटो त्यांच्याशी जुळवले. त्यातले 88 टक्के फोटो एक किलोमीटरच्या आत बरोबर बसले. पण ते आल्प्स पर्वत. तिथली शिखरं टोकदार, वेगवेगळी. सगळीकडे असं नशीब नसतं.

बरं, डोंगर सापडला म्हणजे जागा सापडली का? नाही. दूरचा डोंगर बऱ्याच मोठ्या टापूतून जवळपास सारखाच दिसतो. इथे दुसरी, जवळची कड कामाला येते. चालत्या रेल्वेतून पाहताना जवळचे विजेचे खांब झरझर मागे जातात आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. हिशोबात सांगायचं तर, एक किलोमीटरवर टेकडी आणि तिच्यामागे दहा किलोमीटरवर डोंगर असेल, आणि आपण बाजूला 100 मीटर सरकलो, तर टेकडी जवळपास 6 अंशांनी सरकते आणि डोंगर अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणजे मागचं शिखर टेकडीच्या नेमक्या कुठल्या भागावरून डोकावतं, एवढ्यावरून आपण कुठल्या रेषेवर उभे होतो ते कळतं. अशा दोन जोड्या मिळाल्या तर दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि तिथे फोटो काढणारा उभा असतो.

डोंगराने एवढं काम केलं की बाकीचं उपग्रहाच्या फोटोवर सोडायचं. झेलेवेतबाहेर क्रावा माफा नावाच्या भागातला कच्चा रस्ता, त्याच्या कडेची झाडं, पाऊलवाटा आणि घरं हे सगळं व्हिडिओशी ताडून पाहिलं गेलं आणि ते जुळलं. तिथून काहीशे मीटरवर कॅमेरूनच्या सैन्याची चौकीही होती. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण कड जुळली एवढ्यावर थांबलेला निष्कर्ष कच्चा असतो. कड कुठे उभं राहायचं ते सांगते, आणि पायाखालच्या खुणा त्याला दुजोरा देतात.

आता चुका कुठे होतात ते पाहू. पहिली चूक उलट्या चित्राची. पुष्कळ व्हिडिओ आरशासारखे उलटे करून टाकलेले असतात, आणि सेल्फी कॅमेराही कधी कधी तसंच करतो. मग खरा डोंगर समोर असूनही जुळत नाही. शर्टाची बटणं, गाडीचं स्टिअरिंग, कुठलंही अक्षर, यावरून आधी खात्री करावी. दुसरी चूक मनाची आहे. तासभर शोधल्यावर माणसाला कुठलीही दोन टोकं सारखी वाटू लागतात. त्यावर उपाय म्हणजे न जुळणारी जागा मुद्दाम शोधणं. एक शिखर जुळतं पण त्याच्या उजवीकडे नकाशात दिसणारी खिंड फोटोत नाही, तर जागा चुकली असं मानायचं. धुक्याने झाकली असेल, अशी सबब द्यायची नाही, धुकं फोटोत दिसत असेल तरच ती चालेल.

तिसरी मर्यादा नकाशाची. 30 मीटरच्या चौकोनात बारीक सुळके बोथट होतात. मनमाडजवळची हडबीची शेंडी अनेकांनी रेल्वेतून पाहिली असेल, अंगठ्यासारखा उभा सुळका. प्रत्यक्षात मैलभरावरून ओळखू येणारी ही खूण अशा नकाशात नुसता उंचवटा होऊन बसते. सह्याद्रीत आणखी एक पंचाईत आहे. लाव्हाच्या थरांमुळे कितीतरी डोंगर वरून सपाट आणि बाजूने पायऱ्यांसारखे असतात, त्यामुळे दोन वेगळ्या तालुक्यांतल्या कडा बहिणी-बहिणी वाटतात. अशा वेळी एकाच डोंगराऐवजी मागे-पुढे असलेल्या दोन-तीन रांगांचा ताळमेळच पाहावा लागतो.

जागा पक्की झाल्याचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. कडेवरून कॅमेऱ्याचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला होतं ते कळतं. दिशा कळली की चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या घड्याळासारख्या वाचता येतात. सावली माणसाच्या उंचीच्या किती पट आहे यावरून सूर्य किती वर होता ते निघतं, आणि ती कुठे पडली यावरून सूर्य कुठल्या बाजूला होता ते. त्या अक्षांशावर सूर्य नेमका तिथे वर्षातल्या मोजक्याच दिवसांत असतो, फक्त असे दिवस वर्षातून दोनदा येतात, सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा. त्यातला कुठला आणि कुठल्या वर्षीचा, हे इतर खुणांवरून ठरलं. व्हिडिओतली एक वाट फक्त कोरड्या दिवसांत उमटते आणि पावसाळ्यात नाहीशी होते. काही बांधकाम एका वर्षीच्या उपग्रह-फोटोत आहे, आधीच्या फोटोत नाही. हे सगळं एकत्र करून घटना 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 या काळातली असल्याचा निष्कर्ष निघाला.

ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने आपली भूमिका बदलली आणि सात सैनिकांना अटक केल्याचं सांगितलं. बीबीसीचा तपास सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, सप्टेंबर 2020 मध्ये याऊंदे इथल्या लष्करी न्यायालयाने चौघांना दहा-दहा वर्षांची आणि एकाला दोन वर्षांची शिक्षा दिली, दोघांची निर्दोष सुटका झाली.

हीच पद्धत आपल्या घरच्या फोटोंनाही लागू पडते. मुलांचा गच्चीवरचा फोटो टाकताना लोकेशन बंद केलेलं असतं, पत्ता लिहिलेला नसतो, पण मागे दोन टेकड्या आणि मोबाईलचा टॉवर स्पष्ट असतो. शहर कुठलं हे फोटोखालच्या शाळेच्या नावावरून कळलं की, ती गच्ची कुठल्या मोहल्ल्यात आहे हे शोधणं फार कठीण राहत नाही. फोटो टाकण्याआधी मागची कड कापून टाकावी.