मनगटाचं फ्रॅक्चर : ठिसूळ हाडांचा पहिला इशारा

साठीतल्या एक खाला फजरच्या वुजूसाठी उठल्या. मोरीत पाय घसरला, त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर राहिलं, हाड जुळलं, विषय संपला असं घरच्यांना वाटलं. हाडांची तपासणी कुणीच केली नाही. चार वर्षांनी रात्री अंधारात त्या पुन्हा पडल्या, या वेळी खुबा मोडला.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ते ठिसूळ असण्याची दाट शक्यता असते. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मासिक पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. पन्नाशीनंतर असं मनगट मोडलं तर प्लास्टर निघण्याआधीच डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल विचारा. तिचा टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस समजतात. अशा वेळी नुसतं कॅल्शियम पुरत नाही, हाडांची झीज थांबवणारं औषध लागू शकतं.

पन्नाशीपुढच्या बाईला दिवसाला साधारण 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन ग्लास दुधातून सुमारे 480, एक वाटी दह्यातून 180 आणि नाचणीच्या एका भाकरीतून 170 मिळतं. उरलेलं पालेभाजी, तीळ आणि काट्यासकट खाल्लेल्या छोट्या मासळीतून येतं. चहातलं दूध यात धरू नका, ते फारच थोडं असतं. रमजानमध्ये हाच हिशोब इफ्तार आणि सहरीत वाटून घ्यावा.

हे कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते मुख्यतः उन्हातून मिळतं. बुरख्यामुळे किंवा घरातच राहिल्यामुळे ऊन कमी मिळत असेल, तर गच्चीवर किंवा आडोशाच्या अंगणात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. 60,000 युनिटची आठवड्याची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे घ्यावी. मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या आणि किडनीचा त्रास होतो.

पण हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळेच. म्हणून वुजू स्टुलावर बसून करावं, फरशी लगेच पुसावी, मोरीत आणि संडासात भिंतीला पक्का दांडा बसवावा, रात्रभर छोटा दिवा ठेवावा. सरकणारी चटई आणि गुळगुळीत चप्पल काढून टाकावी. झोपेच्या किंवा बीपीच्या गोळीने तोल जात असेल तर डॉक्टरांना सांगावं. सजद्यातून उठताना तोल जात असेल तर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहे, ती घ्यावी.

पडल्यावर उभं राहता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळला असेल, तर खुबा मोडल्याची शक्यता असते. मालिश करू नका, चालवून बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ऑपरेशनला उशीर झाला की अंथरुणात पडून न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.