रॉबिनची नसलेली अट

उष्णतेच्या अनेक पाठ्यपुस्तकांत सीमेच्या तीन अटी दिलेल्या असतात आणि त्यांना तीन नावे असतात: डिरिक्ले, नॉयमान, रॉबिन. तिसऱ्या नावाचा माग काढायला बसलो आणि भलत्याच गावाला पोचलो. व्हिक्तोर ग्युस्ताव रॉबिन हा फ्रेंच गणिती विद्युतभाराच्या वाटणीवर काम करत होता. १९९८मध्ये गुस्ताफसन आणि आबे या दोघांनी त्याचे छापील लेखन तपासले, तेव्हा त्यात ही अट सापडलीच नाही. मग ती कोणाची?

माझे मत असे की ती वृत्तचितीच्या शेवटच्या पापुद्र्यातून निघाली आणि तो पापुद्रा सोलणारा होता फूरिए. १८०७मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवलेला त्याचा प्रबंध लाग्रांज-लाप्लासच्या आक्षेपांत अडकला, पुस्तक आले ते थेट १८२२मध्ये. त्या पुस्तकात लांबलचक भरीव वृत्तचितीचे समीकरण तो जसे काढतो, तसेच आपणही काढू.

वृत्तचिती कांद्यासारखी समजून तिचा एक पापुद्रा घ्या. आतली त्रिज्या r, जाडी Δr, लांबी L. आतल्या पृष्ठातून शिरणारी उष्णता म्हणजे वाहकता k गुणिले क्षेत्रफळ 2πrL गुणिले तापमानाचा उतार. बाहेरच्या पृष्ठातून जाणारी उष्णताही तशीच मोजायची, पण तिथले क्षेत्रफळ 2π(r+Δr)L आहे. या दोहोंतली वजाबाकी पापुद्र्यात साठते आणि त्याचे तापमान वाढवते. 2πrLΔr ने भागून Δr शून्याकडे नेले की हाती येते:

ρc ∂T/∂t = (1/r) ∂/∂r ( k r ∂T/∂r )

घोटाळा नेहमी एकाच जागी होतो. विद्यार्थी दोन्ही पृष्ठांना एकच क्षेत्रफळ देतात आणि डावीउजवीकडचे r उडून जातात. उरते ते सपाट भिंतीचे समीकरण. चूक पकडायची तर स्थिर अवस्थेतले तापमान पाहावे. नळीच्या आवरणात ते त्रिज्येच्या लॉगरिदमनुसार उतरते, सरळ रेषेत नाही.

वाफेची नळी घ्या. तिची बाहेरची त्रिज्या २५ मिमी आणि पृष्ठभाग १५० अंश सेल्सिअसला. त्यावर ५० मिमी त्रिज्येपर्यंत k = ०.०५ चे आवरण आणि बाहेर ३० अंशांची हवा, तिचा h = १०. आवरणाचा रोध मीटरमागे २.२१, हवेच्या पृष्ठाचा ०.३२. म्हणजे दर मीटरला सुमारे ४७.५ वॅट निसटतात आणि आवरणाचे बाहेरचे अंग ४५ अंशांवर राहते. आता आवरणाच्या मधोमध, ३७.५ मिमीवर पाहा. लॉगरिदम सांगतो ८९ अंश, सरळ रेषा ९८. नऊ अंशांचा हा फरक त्या हरवलेल्या r चा आहे.

आता शेवटचा पापुद्रा. आतून उष्णता येते, पण बाहेर घन पदार्थच नाही, हवा आहे. जाडी शून्याकडे नेली की साठवणीचे पद मरते, कारण साठवण जाडीच्या प्रमाणात असते. क्षेत्रफळ मात्र मरत नाही. म्हणून आलेली उष्णता तितकीच हवेत गेली पाहिजे:

−k ∂T/∂r = h (T − T∞)

हीच ती तिसरी अट. फूरिए भोवतालचे तापमान शून्य धरतो, त्यामुळे त्याच्या लेखनात ती थोडी आटोपशीर दिसते, एवढेच. h अफाट वाढवा, पृष्ठ हवेच्या तापमानाला चिकटते आणि डिरिक्लेची अट मिळते. h शून्य करा, उष्णता अडते. ही नॉयमानच्या अटीतली कोंडलेल्या भिंतीची स्थिती. पृष्ठावर ठरावीक उष्णता ओतायची असेल, तर त्याच ताळेबंदात उजवीकडून ती रक्कम वजा करायची. मला तर तिन्ही अटी एकाच पापुद्र्याच्या वाटतात. भरीव वृत्तचितीत मध्यावर आणखी एक अट लागते, पण तिथे क्षेत्रफळच शून्य असल्याने उतार शून्य धरला की भागते.

यावर कोणी म्हणेल, मग श्रेय न्यूटनला द्या, १७०१मध्ये थंड होण्याचा नियम त्यानेच सांगितला. मला हे पटत नाही. न्यूटनने एक गरम वस्तू अख्खी थंड होताना पाहिली. तिच्या पोटात तापमान कसे पसरले आहे, हा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता. अट जन्मते ती पोट आणि हवा यांच्या सांध्यावर. तो सांधा फूरिएने जुळवला.

नावांची ही अदलाबदल एकदाच झालेली नाही. फूरिएच्या वृत्तचितीचे उत्तर ज्या श्रेणीत येते, तिला आपण बेसेलचे फलन म्हणतो. ग्रहांच्या गतीवरचा बेसेलचा लेख १८२४चा, फूरिएचे पुस्तक १८२२चे. आणि रॉबिन? तो जन्मला १८५५मध्ये, तेव्हा फूरिएला जाऊन २५ वर्षे झाली होती.