जननात्मक व विभेदक प्रतिमाने

वर्गीकरण करणाऱ्या सांख्यिकीय प्रतिमानांचे हे दोन प्रकार आहेत. जननात्मक प्रतिमान प्रत्येक वर्गातील नमुने कसे निर्माण होतात याची संभाव्यता शिकते आणि त्यावरून बेझच्या सूत्राने नव्या नमुन्याचा वर्ग काढते, तर विभेदक प्रतिमान नमुना समोर असताना त्याचा वर्ग कोणता एवढेच थेट शिकते. नाईव्ह बेझ आणि लॉजिस्टिक रिग्रेशन या जोडीत हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. कारण शब्दांच्या असण्या-नसण्यावरून स्पॅम ओळखताना दोघांचेही अंतिम सूत्र एकच असते, म्हणजे प्रत्येक शब्दाला एक भार द्यायचा आणि भारांची बेरीज करायची. फरक पडतो तो हे भार कसे मिळवले यात.

नाईव्ह बेझ भार मोजणीतून मिळवते. समजा, १०० स्पॅम आणि १०० साध्या संदेशांपैकी ‘बक्षीस’ हा शब्द अनुक्रमे ४० आणि ४ संदेशांत आहे; तर तो शब्द स्पॅममध्ये दहापट अधिक आढळतो, आणि केवळ त्यावरून संदेश स्पॅम असण्याची संभाव्यता १०/११, म्हणजे सुमारे ०.९१ येते. आता ‘अभिनंदन’ हा शब्दही नेमका त्याच ४४ संदेशांत असेल, तर त्याने नवी माहिती काहीच दिलेली नसते. तरीही वर्ग ठरला की शब्द परस्परांपासून स्वतंत्र असतात, असे नाईव्ह बेझ गृहीत धरत असल्याने ते दहाला पुन्हा दहाने गुणते आणि संभाव्यता १००/१०१, म्हणजे ०.९९ सांगते. लॉजिस्टिक रिग्रेशन शब्द किती वेळा आले याची नोंद ठेवत नाही. प्रशिक्षणातील खऱ्या वर्गांना मिळून जास्तीत जास्त संभाव्यता मिळेपर्यंत ते सर्व भार एकत्रच पुन्हा पुन्हा दुरुस्त करते. त्यामुळे एकच पुरावा दोन शब्दांत वाटला जातो आणि उत्तर ०.९१ वरच राहते. नाईव्ह बेझचा हा अतिविश्वास तपासता येतो: ज्या नव्या संदेशांना त्याने ०.९९ च्या आसपास संभाव्यता दिली, त्यांतले प्रत्यक्षात किती स्पॅम निघाले ते मोजावे. मात्र आकडा फुगला तरी तो ०.५ च्या योग्य बाजूला असेल तर वर्ग बरोबरच येतो, आणि म्हणूनच गृहीतक उघडपणे खोटे असूनही ही पद्धत व्यवहारात टिकली.

शब्दांची वारंवारता ठाऊक असल्यामुळे नाईव्ह बेझला एखादे लक्षण नोंदलेलेच नसेल तर त्याचा गुणक सरळ वगळता येतो. लॉजिस्टिक रिग्रेशनला लक्षणे कशी वितरित आहेत हे माहीतच नसल्याने ती सोय नाही. अँड्र्यू एन्ग आणि मायकेल जॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवले, की विदा भरपूर असेल तर लॉजिस्टिक रिग्रेशनची त्रुटी नाईव्ह बेझपेक्षा जास्त राहत नाही, परंतु नाईव्ह बेझ आपल्या अंतिम त्रुटीजवळ बरेच लवकर पोहोचते: त्याला लागणारे नमुने लक्षणांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढतात, तर लॉजिस्टिक रिग्रेशनला ते लक्षणांच्या संख्येच्याच प्रमाणात लागू शकतात. त्यामुळे थोड्या नमुन्यांवर पुढे असलेले नाईव्ह बेझ विदा वाढत गेल्यावर अनेकदा मागे पडते.